सातशे किलो सूत शिल्लक, तरी माग थांबणार होता

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात सुताची खरेदी बरीच वर्षं एकाच नियमावर चालली. पाइलचं सूत सहाशे किलोच्या खाली गेलं की दलालाला फोन करायचा. पाइल म्हणजे टॉवेलवरची ती सुताची उभी वेटोळी. त्यांना आम्ही १६ नंबरचं सिंगल सूत वापरतो, खालच्या ग्राउंडच्या ताण्याला २/२० दुपदरी. स्टोअर सांभाळणारे अण्णा रोज संध्याकाळी पोती मोजून वहीत आकडा लिहायचे. आकडा सहाशेच्या वर असला की सगळे निर्धास्त.

एका डिसेंबरच्या शेवटी मालकांनी नियोजनाचं काम माझ्याकडे दिलं. त्या दिवशी वहीत सातशे किलो होतं. नियमाप्रमाणे मागवायची गरज नव्हती. पण पुढच्या दहा आठवड्यांच्या ऑर्डरी समोर घेतल्या आणि हिशेब मांडला, तर दुसऱ्याच आठवड्यात सूत कमी पडत होतं. हे कसं दिसलं ते इथे सविस्तर लिहिते. पद्धत नवी नाही. मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग हे तिचं नाव, इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एमआरपी म्हणतात. १९६० च्या दशकात आयबीएमच्या जोसेफ ऑर्लिकी यांनी तिची मांडणी केली. त्यांचा मूळ मुद्दा सोपा होता: गिऱ्हाईक किती टॉवेल मागेल याचा अंदाज बांधावा लागतो, पण टॉवेल किती हे एकदा ठरलं की सूत किती लागेल याचा अंदाज कशाला बांधायचा? ते मोजता येतं. आणि किती लागेल याच्याइतकंच कधी लागेल हेही मोजता येतं. सहाशे किलोच्या नियमाला हा ‘कधी’ माहीतच नव्हता.

सुरुवात टॉवेलपासून केली, सुतापासून नाही. आमचा मुख्य माल ७० बाय १४० सेंटीमीटरचा बाथ टॉवेल, ४५० जीएसएमचा, चौरस मीटरला ४५० ग्रॅम. म्हणजे तयार टॉवेल साधारण ४४१ ग्रॅमचा. त्यात पाइलचं सूत नासाडी धरून नगामागे २६० ग्रॅम लागतं, असं विणकाम बघणाऱ्या मास्तरांनी सांगितलं. जुन्या तीन-चार लॉटच्या इश्यू चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं, जुळत होतं. हा आकडा डिझाइनच्या कागदावरून न घेता स्टोअरमधून प्रत्यक्ष गेलेल्या वजनावरून घ्यावा असं माझं मत आहे. वार्पिंगला, म्हणजे ताण्याचं सूत बीमच्या रुळावर गुंडाळताना, आणि मागावर जे वाया जातं ते कागदावर कधीच पुरतं येत नाही.

बाथ टॉवेलच्या ऑर्डरी अशा होत्या: सहाव्या आठवड्यात ६,००० नग रवाना करायचे, आठव्यात ४,००० आणि दहाव्यात ५,०००. एकूण पंधरा हजार. मालकांचा पहिला हिशेब तोंडीच झाला. पंधरा हजार गुणिले २६० ग्रॅम, म्हणजे ३,९०० किलो. “एकदम घेऊन टाकू, भाव वाढायच्या आत,” ते म्हणाले.

इथेच मी थांबायला सांगितलं. ३,९०० किलो ही एकूण गरज आहे, पण कारखान्यात टॉवेल आधीच वेगवेगळ्या अवस्थांत पडून होते. पॅक केलेले १,००० होते. १,५०० डाइंगला गेले होते, ते दुसऱ्या आठवड्यात तयार होऊन येणार होते. विणून झालेले, अजून न रंगवलेले कोरे टॉवेल ८०० होते. आणि १,२०० नग त्या दिवशी मागावर चढलेले होते, तेही दुसऱ्या आठवड्यात उतरणार होते. या साऱ्यांत सूत आधीच घातलेलं आहे किंवा त्यांच्या नावाने बाजूला काढलेलं आहे. त्यांच्यासाठी पुन्हा सूत घेण्यात काय अर्थ?

म्हणून वरून खाली एकेक पायरी उतरायची, आणि प्रत्येक पायरीवर आधी हाताशी असलेलं वजा करायचं.

पहिली पायरी पॅक टॉवेलची. सहाव्या आठवड्याला ६,००० हवेत. हातात १,०००, दुसऱ्या आठवड्यात येणारे १,५००. मध्ये दुसरी कुठली मागणी नाही, म्हणून दोन्ही मिळून २,५०० सहाव्यापर्यंत टिकतात. उरली निव्वळ गरज ३,५००. शिल्लक संपली, म्हणून आठव्याचे ४,००० आणि दहाव्याचे ५,००० तसेच्या तसे. आता रंगवणं, कापणं, शिवणं आणि पॅकिंग यांना आम्ही दोन आठवडे धरतो. म्हणजे कोरे टॉवेल प्रोसेसिंगला द्यायचे ते चौथ्या आठवड्यात ३,५००, सहाव्यात ४,००० आणि आठव्यात ५,०००.

हे तीन आकडे खालच्या पायरीवर, म्हणजे कोऱ्या टॉवेलवर, एकूण गरज म्हणून उतरतात. या उतरण्यातच सगळी मेख आहे. खाली जाते ती वरच्या पायरीची निव्वळ गरज. पंधरा हजारांचा मूळ आकडा इथे आता कुठेच नाही. कोरे ८०० हातात, १,२०० मागावरून दुसऱ्या आठवड्यात येणार, मिळून २,०००. चौथ्या आठवड्याच्या ३,५०० मधून ते गेले की उरले १,५००. वार्पिंग आणि विणकामाचे दोन आठवडे मागे सरकवले, तर विणकाम सुरू करायचं ते असं: दुसऱ्या आठवड्यात १,५०० नग, चौथ्यात ४,०००, सहाव्यात ५,०००.

आता सुताकडे वळता येतं. २६० ग्रॅमने गुणलं की दुसऱ्या आठवड्यात ३९० किलो, चौथ्यात १,०४०, सहाव्यात १,३००. बेरीज २,७३०. मालकांच्या ३,९०० पेक्षा १,१७० किलो कमी. हा फरक कुठून आला ते मी त्यांना पडताळून दाखवलं: १,००० अधिक १,५०० अधिक ८०० अधिक १,२००, असे ४,५०० टॉवेल वेगवेगळ्या टप्प्यांवर आधीच होते, आणि ४,५०० गुणिले २६० ग्रॅम बरोबर १,१७० किलो होतात. मालक काही बोलले नाहीत, पण कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढून त्यांनी तोच गुणाकार पुन्हा केला.

पण सुताची निव्वळ गरज अजून काढायची नव्हती. इथे एक घाई नेहमी होते. १६ नंबरचं सूत फक्त बाथ टॉवेलला लागत नाही, हँड टॉवेललाही लागतं. बाथ टॉवेलचा हिशेब एका शीटवर आणि हँड टॉवेलचा दुसऱ्या शीटवर असेल, तर दोन्हीकडे स्टोअरमधलं तेच सूत वजा होतं. दोन्ही शीट म्हणतात सूत पुरतं, आणि दोन्ही खोटं बोलतात. म्हणून नियम असा की जी वस्तू अनेकांच्या पोटात आहे तिच्याकडे सर्वांत शेवटी जायचं. तिच्या वर असलेल्या सगळ्या मालाचा हिशेब खालपर्यंत उतरला की गरजा आठवड्यानुसार एकत्र करायच्या आणि मग एकदाच शिल्लक वजा करायची. सॉफ्टवेअर यासाठी प्रत्येक वस्तूला पातळीचा आकडा देतं. सूत जिथे सर्वांत खाली येतं, तीच त्याची पातळी. मी कागदावर करत होते, म्हणून सुताचं पान मुद्दाम फाइलच्या शेवटी लावलं.

हँड टॉवेलची बाजूही अशीच उतरवली. दुसऱ्या आठवड्यात २,००० नग सुरू करायचे, पाचव्यात ३,०००. नगामागे १२० ग्रॅम पाइल, म्हणजे २४० आणि ३६० किलो.

मग अण्णांच्या सातशे किलोंकडे आले. “हे सगळं मोकळं आहे का अण्णा?” असं विचारल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“मोकळं म्हणजे? स्टोअरात आहे की.”

“मागावरच्या बाराशे नगांचं सूत पुरं गेलंय का?”

नव्हतं गेलं. दीडशे किलो अजून द्यायचं होतं, पोत्यांवर खडूने खूणही केलेली होती. वहीत मात्र ते सातशेमध्येच होतं. ते दीडशे ज्याच्या नावाचं आहे त्याला द्यावंच लागणार, म्हणून मोकळं सूत ५५० किलो. हा फरक मोजणीत दिसत नाही, कारण मोजणी बरोबरच असते. पोती डोळ्यांसमोर असतात, ती कुणाची हे वही सांगत नाही.

शिवाय एक ऑर्डर आधीच दिलेली होती: ५०० किलो, गिरणीने तिसऱ्या आठवड्याचा वायदा केलेला. दिलेल्या पण न आलेल्या ऑर्डरीला या पद्धतीत स्वतःची ओळ असते, आणि ती ज्या आठवड्यात येणार त्याच आठवड्यात लिहायची. सुताचं पान असं झालं, आकडे किलोत:

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| एकूण गरज | ० | ६३० | ० | १,०४० | ३६० | १,३०० |
| येणं असलेलं | ० | ० | ५०० | ० | ० | ० |
| काहीच न मागवता शिल्लक | ५५० | −८० | ४२० | −६२० | −९८० | −२,२८० |

आठवड्याची गरज आम्ही सोमवारी सकाळची धरतो. वार्पिंगला सूत पहिल्या दिवशीच हवं असतं, शनिवारी आलेलं त्या आठवड्याच्या कामाचं नाही.

दुसऱ्या आठवड्यातले ते उणे ऐंशी बघा. पूर्ण काळाचा हिशेब केला तर या सहा आठवड्यांत सूत कमी पडणार हे कुणीही सांगेल. पण दुसऱ्या आठवड्यात ऐंशी किलो कमी, आणि तिसऱ्यात पुन्हा ४२० किलो शिल्लक, हे केवळ तारखा लावल्यामुळे दिसतं. ५५० आणि ५०० मिळून १,०५० होतात, गरज ६३० ची, मग अडचण काय, असं अण्णांचं म्हणणं होतं. अडचण एवढीच की पाचशे किलो यायच्या आठवडाभर आधी बीम भरायला घ्यायचा होता.

मी हे एक्सेलमध्ये मांडलं होतं. चौथ्या ओळीत एकूण गरज, पाचव्यात येणं असलेलं, सहाव्यात निव्वळ गरज, सातव्यात मागवायचा माल ज्या आठवड्यात पोचायला हवा तो, आठव्यात अखेरची शिल्लक. गिरणी ५०० किलोच्या पटीतच देते, म्हणून वर पूर्ण करावं लागतं:

```
D6: =MAX(0, D4-C8-D5)
D7: =CEILING(D6, 500)
D8: =C8+D5+D7-D4
```

सूत यायला दोन आठवडे लागतात, म्हणून सातव्या ओळीतला आकडा दोन रकाने डावीकडे नेला की ऑर्डर द्यायचा आठवडा मिळतो. दुसऱ्या आठवड्याच्या तुटीवर शीटने ५०० किलोची नवी ऑर्डर सुचवली, आणि ती द्यायचा आठवडा पहिल्या रकान्याच्याही डावीकडे गेला. म्हणजे गेल्या आठवड्यात. असं झालं की सूत्र चुकलं असं वाटतं. सूत्र बरोबर असतं. नेहमीच्या वाटेने हे सूत आता वेळेवर येत नाही, हेच ते सांगत असतं.

पण त्या सूचनेत एक दोष होता आणि तो माझ्या साध्या सूत्रांचा होता. ऐंशी किलोंची तूट, आणि पुढच्याच आठवड्यात ५०० किलो दाराशी येणार. अशा वेळी नवीन ऑर्डर द्यायची नसते, असलेली अलीकडे ओढायची असते. एमआरपीचं खरं सॉफ्टवेअर आधी हेच गृहीत धरतं. तूट दिसली की पुढे कुठे येणं असलेला माल आहे का ते बघतं, असेल तर तो लवकर आणा असा इशारा देतं, आणि तेवढ्याने भागत नसेल तरच नवी ऑर्डर मांडतं. ती तारीख ते स्वतः बदलत नाही. अजून न दिलेली, नुसती मांडलेली ऑर्डर सॉफ्टवेअर दर वेळी हवी तशी हलवतं, मोठी करतं, पुसून टाकतं. दिलेल्या ऑर्डरीला मात्र ते हात लावत नाही, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस आहे आणि त्याला फोन करावा लागतो.

फोन करायच्या आधी मी मास्तरांना विचारलं, दुसऱ्या आठवड्यात दोन्ही टॉवेल खरंच सुरू करायचे आहेत ना? त्यांनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. “तिसरा आठवडा संक्रांतीचा आहे ताई. सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वज निघाले की निम्मे माग गप्प.”

सोलापुरात राहून हे माझ्या पानात नव्हतं असं नाही, पण दोन आठवडे या आकड्याच्या आत ते लपून गेलं होतं. विणकामाचे दोन आठवडे म्हणजे कामाचे दोन आठवडे. यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर गड्डा भरतो, तेव्हा हजेरी कशी असते ते इथल्या कुठल्याही कारखानदाराला माहीत आहे. तो आठवडा पूर्ण कामाचा धरला, तर चौथ्या आठवड्यात मिळणारे कोरे टॉवेल पाचव्यात मिळतील, आणि परदेशी पार्टीच्या ६,००० ची तारीख जाईल. म्हणून बाथ टॉवेलचे १,५०० एक आठवडा आधीच, म्हणजे पहिल्या आठवड्यात, सुरू करायचं ठरलं. त्यांचे ३९० किलो पहिल्या आठवड्यात आले. ५५० मधून ते गेले, उरले १६०. हँड टॉवेलला दुसऱ्या आठवड्यात २४० हवेत. तूट पुन्हा ऐंशीच, आणि दुसऱ्याच आठवड्यात. फक्त आता ती कुणाची हे स्पष्ट झालं: पूर्ण ऐंशी किलो हँड टॉवेलची.

तूट कुणाची हे कळणं फार उपयोगाचं असतं. सुताच्या पानावर नुसते ६३० लिहिले तर ते कुठून आले हे दोन दिवसांत विसरतं. मी प्रत्येक गरजेशेजारी तिचा बाप लिहून ठेवते: ३९० बाथचे, २४० हँडचे. त्यामुळे सूत नाहीच आलं तरी काय करायचं ते ठरवता आलं. ऐंशी किलो म्हणजे ६६७ हँड टॉवेल. ती पार्टी इथलीच, तिला तेवढे नग आठवडाभर उशिरा चालले असते. बाथ टॉवेलला धक्का लावायची गरज नव्हती. नुसता एकत्रित आकडा असता, तर मास्तरांनी जो बीम आधी समोर आला त्याला सूत दिलं असतं.

मग दलालाला फोन केला. सगळं ५०० लवकर द्या असं मागितलं नाही. ऐंशी लागतात हे सांगितलं. त्यांनी गिरणीत विचारून कळवलं की ३०० किलो तयार आहे, येत्या गुरुवारी दुसऱ्या गाडीत टाकता येईल, बाकीचे २०० वायद्याप्रमाणे. एवढंच पुरे होतं. दुसऱ्या आठवड्यात १६० अधिक ३०० वजा २४०, म्हणजे २२० शिल्लक. तिसऱ्यात २०० आले की ४२०, आणि पुढचं पान जसंच्या तसं. “पाचशे पाहिजेत, अर्जंट आहे” असं म्हटलं असतं, तर बहुधा नाही हेच उत्तर आलं असतं.

चौथ्यापासून पुढचं सरळ होतं. ४२० वर १,०४० ची गरज, तूट ६२०, पटीत १,०००, ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात. शिल्लक ३८०, त्यातून पाचव्यातले ३६० गेले की २० उरले. सहाव्यात १,३०० ची गरज, तूट १,२८०, पटीत १,५००, ऑर्डर चौथ्या आठवड्यात. अखेर २२०. आजच्या आज नवीन ऑर्डर एकही द्यायची नव्हती, फक्त एक गाडी अलीकडे ओढायची होती. सहाशेच्या नियमानेही ‘आज ऑर्डर नको’ हेच सांगितलं होतं, पण त्याने गाडी अलीकडे ओढायला सांगितलं नव्हतं.

भावाबद्दल मालकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सूत महागणार असेल तर आधी घेणं शहाणपणाचं असू शकतं, आणि या पानाला बाजारभाव कळत नाही. पण मग घेतलेला माल ‘येणं असलेलं’ या ओळीत तारखेसह लिहायचा, म्हणजे पुढच्या सूचना आपोआप कमी होतात. वेगळ्या डायरीत ठेवलेली भावाची खरेदी आणि पानावरची गरजेची खरेदी अशा दोन्ही झाल्या, की पोती ठेवायला जागा उरत नाही.

पानाला आणखी एक गोष्ट कळत नाही: माग किती आहेत. चौथ्या आठवड्यात ४,००० बाथ टॉवेल सुरू करा असं ते बिनदिक्कत लिहितं, आणि पाचव्यात ३,००० हँड टॉवेलही. मागांवर जागा आहे का हे मास्तरांनाच पाहावं लागतं. त्यांनी नाही म्हटलं तर वरची तारीख हलवायची आणि सगळं पुन्हा उतरवायचं. सूत आहे म्हणून विणून होईल, असं हे पान कधीच म्हणत नाही. आपणच तसं वाचतो.

तिसरी गोष्ट लॉटची. ५५० किलोंत दोन गिरण्यांच्या दोन लॉटचं सूत होतं. कोरं असताना दोन्ही सारखंच दिसतं, पण एकाच बीमवर मिसळलं तर रंगवल्यावर टॉवेलवर उभे पट्टे उठतात. म्हणून ३९० एका लॉटमधून देता येतील का ते अण्णांनी आधी पाहिलं. देता आले. हँडचे १६० आणि नवीन गाडीतलं सूत वेगवेगळ्या बीमवर घ्यायचं ठरलं. संख्या जुळली म्हणजे माल जुळला असं आमच्या धंद्यात होत नाही. त्यासाठी लॉटला वेगळी वस्तू धरावं असं काही जण सांगतात. मला ते जड वाटतं. मी शिल्लकीच्या रकान्यात लॉटची फोड लिहून ठेवते.

हा हिशेब जमल्यावर तोच ग्राउंडच्या २/२० सुतावर लावला, तेव्हा वेगळंच निघालं. पान म्हणत होतं सूत भरपूर आहे. ‘येणं असलेलं’ या ओळीत चाळीस किलो पहिल्या आठवड्यात दिसत होते. चौकशी केली तर ती ऑक्टोबरातल्या एका ऑर्डरीची बाकी. गिरणीने ५०० पैकी ४६० पाठवून बिल केलं होतं, उरलेलं पाठवायचा तिचा विचारच नव्हता. आमच्याकडे मात्र ऑर्डर उघडीच होती. उलटलेल्या तारखेचं येणं हिशेबात पहिल्याच आठवड्यात धरलं जातं, म्हणजे जणू ते हातातच आहे. अशी बाकी दर हिशेबात गरजेतून वजा होत राहते आणि खरी तूट झाकते. ओळखायची खूण सोपी आहे: ज्या येण्याची तारीख आजच्या मागे आहे, ते एक तर आज फोन करून नव्या तारखेला न्यायचं किंवा बंद करायचं. सोमवारी नवा हिशेब चालवायच्या आधी मी फक्त हीच यादी बघते. आठवड्यातून एकदाच चालवते. रोज चालवला तर पान रोज वेगळं बोलतं, आणि मग मास्तर त्याकडे बघेनासे होतात.

याचा प्रत्यय लगेच आला. परदेशी पार्टीने दहाव्या आठवड्याचे ५,००० कमी करून ४,२०० केले. सहाव्या आठवड्यातली सुताची गरज १,३०० वरून १,०९२ झाली, तूट १,०७२, पण पटीत मागवायचे ते १,५००च. सुताच्या मांडणीत काहीच हललं नाही, अखेरची शिल्लक तेवढी ४२८ वर गेली. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा कळवलं, ३,९०० करा. आता गरज १,०१४, तूट ९९४, आणि सूचना एकदम १,५०० वरून १,००० वर उतरली. आठशे टॉवेल कमी झाले तेव्हा एक किलोचाही फरक नाही, आणि आणखी तीनशे कमी झाले तर पाचशे किलोचा. पटीत खरेदी असली की असंच होतं.

अण्णा म्हणाले, हजारच मागवू. हजार मागवले तर शेवटी सहा किलो उरत होते. सहा किलो म्हणजे शिल्लक नाहीच. बीम बदलताना मागाजवळ राहिलेल्या अर्धवट कोनांमध्येच त्याहून जास्त सूत असतं, आणि एखादं पोतं वजनात हलकं निघालं तरी ते सहा किलो गेले. मी मांडणीत १,५०० च ठेवले. ते सूत मागवायचा आठवडा चौथा होता, आणि तोवर पार्टीचा आकडा पुन्हा बदलायला वेळ होता.